पुणे ते सासवड: माउलींच्या सोहळ्यात एक दिवस चालताना, आणि चुकामूक झाली तर

प्रश्न: यंदा माउलींच्या पालखीबरोबर एकच दिवस, पुण्याहून सासवडपर्यंत चालायचं आहे. मी, आई (वय ६२) आणि १३ वर्षांचा पुतण्या. आमची कुठलीच दिंडी नाही. वाटेत थांबायची गावं कशी शोधायची? आणि एवढ्या गर्दीत चुकामूक झाली तर पुन्हा एकत्र कसं यायचं?

उत्तर:

आधी दिवस पक्का करा. माउलींच्या पालखीचं प्रस्थान आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं. नवमीला पालखी पुण्यात येते, भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री मुक्काम करते आणि बहुतेक वर्षी एकादशीला सकाळी सासवडची वाट धरते. तिथीची वृद्धी झाली किंवा क्षय आला की तारीख एका दिवसाने मागेपुढे होते, म्हणून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून अंदाज बांधून रजा टाकू नका. आळंदीचं संस्थान दरवर्षी सोहळ्याचं वेळापत्रक जाहीर करतं आणि पुण्यातली वर्तमानपत्रं ते छापतात. त्याचं कात्रण किंवा फोटो तिघांजवळही असू द्या.

तुम्ही निवडलेली मजल संपूर्ण वाटेतली सगळ्यात लांब मजलांपैकी एक आहे. भवानी पेठेपासून सासवडपर्यंत सुमारे ३० किलोमीटर, मध्ये दिवे घाटाची चढण आणि त्यात एकादशी. वारकरी त्या दिवशी उपवासाचंच खातात. वाटेवर लोक प्रेमाने साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे वाटतात, पण पोळीभाजी मिळेलच असं धरून चालू नका. तुमच्या आईंना रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी असेल आणि ती जेवणानंतर घ्यायची असेल, तर त्यांचा डबा घरूनच न्या. दुपारी घाटाच्या पायथ्याशी ज्यांना गरगरतं, त्यांच्यातल्या पुष्कळ जणांनी सकाळपासून चहा आणि दोन केळ्यांवर काढलेलं असतं.

आता गावांबद्दल. वेळापत्रकात तीन तऱ्हेची ठिकाणं असतात. एक विसावा, म्हणजे पालखी थोडा वेळ टेकते ती जागा. दुसरी दुपारच्या जेवणाची किंवा नैवेद्याची जागा. तिसरा रात्रीचा मुक्काम, ज्याला तळ म्हणतात. तुमच्या दिवसाची ओळ वाचलीत तर साधारण असा क्रम दिसेल: शिंदे छत्री, हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला, झेंडेवाडी आणि मुक्काम सासवड. नवख्या माणसाची गल्लत इथेच होते. ही ठिकाणं पालखीची आहेत, प्रत्येक दिंडीची नव्हेत. लाखो माणसं एका गावच्या एका मैदानात जेवायला बसू शकत नाहीत. प्रत्येक दिंडीचा ट्रक किंवा टेम्पो पहाटेच पुढे जातो आणि ठरलेल्या शेतात, मंगल कार्यालयाच्या आवारात किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थांबतो. पालखी वडकी नाल्यावर टेकली असताना एखाद्या दिंडीची पंगत दीड किलोमीटर अलीकडे उरुळीच्या शिवारात चालू असते आणि दुसरी दिंडी तेवढीच पुढे गेलेली असते. म्हणून "जेवण वडकीला" एवढं कळून भागत नाही. ज्या दिंडीबरोबर चालणार तिच्या माणसाला सकाळीच विचारून घ्या, "आपली गाडी दुपारी कुठे लागणार? रस्त्याच्या कुठल्या अंगाला? खूण काय?" गाडीचा फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असा. ट्रकच्या दर्शनी भागावर दिंडीचं नाव आणि क्रमांक लिहिलेला कापडी फलक असतो. दुपारी तो फलकच तुमचा पत्ता असतो.

हडपसरच्या फाट्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुण्याच्या लोकांची चुकामूक सगळ्यात जास्त इथेच होते. त्याच दिवशी सकाळी तुकोबारायांची पालखीही नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरातून निघते. हडपसरपर्यंत दोन्ही सोहळ्यांची वाट जवळपास एकच असते. गाडीतळापाशी त्या वेगळ्या होतात. माउली उजवीकडे वळून सासवड रस्त्याला लागतात, तुकोबाराय सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या मुक्कामाला जातात. टाळमृदंगाच्या नादात मान खाली घालून चालणारा माणूस समोरच्या पाठीमागे चालत राहतो आणि मांजरीच्या पुढे गेल्यावर त्याला कळतं की आपण दुसऱ्याच सोहळ्यात आहोत. दोन्हीकडे पांढऱ्या टोप्या, दोन्हीकडे भगव्या पताका, दोन्हीकडे तोच हरिपाठ. पाहून फरक कळत नाही. खूण रस्त्याची धरा. गाडीतळानंतर भेकराईनगर, फुरसुंगी फाटा, मंतरवाडी असे फलक दिसत असतील तर तुम्ही बरोबर आहात. पंधरा नंबर, मांजरी, शेवाळवाडी दिसायला लागली तर तिथल्या तिथे थांबा आणि मागे फिरा.

याला जोडून दोन उरुळ्यांची गोष्ट येते. सासवड रस्त्यावरची उरुळी देवाची ही माउलींच्या वाटेवरची. सोलापूर रस्त्यावरची उरुळी कांचन ही तुकोबारायांच्या वाटेवरची, लोणीच्याही पुढे. दोन्ही हवेली तालुक्यातच, आणि रेल्वेचं 'उरुळी' स्टेशन कांचनकडचं. फोनवर घाईघाईत "मी उरुळीला थांबलोय" म्हटलं की ऐकणारा भलतीकडे निघतो, रिक्षावालाही मोठं गाव म्हणून कांचनलाच नेतो. आपसात बोलताना नुसतं उरुळी कधीच म्हणू नका. 'देवाची' हा शब्द लावाच, नाहीतर सरळ 'मंतरवाडी चौक' म्हणा, म्हणजे घोटाळ्याला जागा राहत नाही.

दिंडी नसली तरी चालता येतं. सोहळ्याच्या कडेने, पुढे-मागे चालणारा मोकळा समाज दिंड्यांइतकाच मोठा असतो. पण आई आणि लहान मुलगा बरोबर असताना मी तुम्हाला एका दिंडीच्या आधाराने चालायला सांगेन. याचा अर्थ दिंडीत नाव घालायचं किंवा भिशी भरायची असा नव्हे. भिशी पूर्ण वारीच्या जेवणाखाण्याची असते. पुण्यात दोन दिवस दिंड्या शाळांत, धर्मशाळांत, देवळांत, मंगल कार्यालयांत उतरलेल्या असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी तुमच्या ओळखीच्या किंवा घराजवळ उतरलेल्या एखाद्या दिंडीत जा, दिंडीप्रमुखांना किंवा विणेकऱ्यांना नमस्कार करा आणि सांगा, "महाराज, उद्या सासवडपर्यंत तुमच्या दिंडीमागे चालायचं आहे, आई आणि मुलगा बरोबर आहेत." नाही म्हणणारे क्वचित भेटतात. पंगतीला बसा म्हणाले तर बसा, नाही म्हणाले तर आपला डबा उघडा. चालताना जागा सांभाळा. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदुंग आणि वीणा, त्यांच्या मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याची कळशी घेतलेल्या बायका. तुमची जागा या बायकांच्या मागे. टाळकऱ्यांच्या दोन रांगांमधून आडवं जाऊ नका, फोटोसाठी वीणेच्या पुढे येऊ नका. अभंग चालू असताना रांग तुटली की सगळ्यांची लय मोडते.

आणि त्याच संध्याकाळी दिंडीचा क्रमांक विचारून घ्या. पुन्हा एकत्र येण्याचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

माउलींचा रथ हा सोहळ्याचा मध्य. काही दिंड्या रथाच्या पुढे चालतात, त्या २७ आहेत. बाकीच्या रथाच्या मागे, त्या कितीतरी जास्त. दोन्हीकडचे क्रमांक एकपासूनच सुरू होतात. म्हणजे 'दिंडी क्रमांक १२' या नावाच्या दोन दिंड्या आहेत, एक रथापुढची आणि एक रथामागची, आणि चालताना दोघींत बरंच अंतर पडतं. हरवलेल्या आजी पोलिसांना "माझी बाराची दिंडी" म्हणून सांगतात, कुणी भला माणूस त्यांना रथापुढच्या बारामध्ये नेऊन सोडतो, तिथे त्यांना कुणी ओळखत नाही आणि त्या पार घाबरून जातात. हे मी अनेकदा पाहिलं आहे. क्रमांक नेहमी पूर्ण सांगायचा: "रथामागे बारा" किंवा "रथापुढे बारा". आईंकडून आणि पुतण्याकडून हे दोन-तीनदा म्हणवून घ्या.

क्रमांक माहीत असला की रस्त्याकडेला नुसतं उभं राहूनही कळतं की आपली माणसं पुढे आहेत की मागे. समजा, तुम्ही रथामागे ५८ बरोबर चालत आहात आणि मंतरवाडीला पाणी भरून घेईपर्यंत दिंडी दिसेनाशी झाली. धावू नका. रस्त्याच्या कडेला उंचवट्यावर उभे राहा आणि आधी एकच गोष्ट ठरवा: रथ गेला की यायचा आहे? कडेला बसलेल्या कुणालाही विचारा, "माउली, रथ पुढे गेला का?" रथ गेला नसेल तर तुमची दिंडी नक्की मागे आहे, थांबा. रथ गेला असेल तर समोरून जाणाऱ्या दिंडीचा फलक वाचा. ४० चालली असेल तर ५८ यायची आहे. ७० चालली असेल तर ती पुढे गेली, तुम्ही कडेने चाल वाढवा. एकाच फलकावर भरवसा ठेवू नका, लागोपाठ दोन-तीन वाचा, कारण मध्येच एखादी दिंडी अभंग पुरा करायला थांबलेली असते आणि तिच्या पुढच्या-मागच्यांचं अंतर बदलतं. रथापुढच्या दिंडीबरोबर असाल तर दोन फलक वाचून क्रमांक चढत आहेत की उतरत आहेत ते बघा आणि त्यावरून दिशा ठरवा. हा क्रम वाटेवर पाळला जातो, पण दुपारच्या जेवणाला तो पार विस्कटतो, कारण तेव्हा जो तो आपापल्या गाडीकडे जातो. म्हणून फलक वाचायची युक्ती सकाळी आणि दुपारनंतर चालू वाटेवर उपयोगाची. जेवणाच्या वेळी गाडीचा फोटो उपयोगाचा.

जेवणानंतर सोहळा निघायच्या आधी कर्णा होतो. हडपसर-उरुळीच्या गोंगाटात तो नीट ऐकू येईलच असं नाही, पण आजूबाजूचे वारकरी टाळ गळ्यात अडकवून उठायला लागले की समजायचं. सगळ्यात जास्त माणसं याच वेळी हरवतात. तोवर जो तो सैल झालेला असतो, कुणी पाणी आणायला, कुणी आडोशाला, कुणी पायाला तेल चोळून घ्यायला गेलेला असतो, आणि एकदम हजारो माणसं उठून रस्त्याला लागतात. तुमच्या तिघांचा नियम असा ठेवा: जेवण झाल्यावर कुणीही एकट्याने कुठे जायचं नाही, जायचंच असेल तर आत्ता, कर्ण्याच्या आधी, आणि परत याच ट्रकच्या मागच्या चाकापाशी.

आता घाट. वडकी सोडली की दिवे घाट सुरू होतो. खाली उजव्या-डाव्या वळणांवरून मस्तानी तलाव दिसतो, वर चढत जाणाऱ्या पताकांची रांग दिसते, आणि ती बघायला पुण्याहून आलेली माणसं डोंगराच्या उतारावर आधीच बसलेली असतात. चढण चारएक किलोमीटरची. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. हे दृश्य डोळे भरून पाहण्यासारखंच आहे, पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने घाटाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा: घाटात मागे फिरता येत नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये तेवढाच रस्ता आणि त्याच्या रुंदीभर वर चढणारी माणसं. या प्रवाहाच्या उलट खाली उतरायला लागलात तर तुम्हालाही धोका आणि तुमच्यामुळे तोल जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही. फोनची रेंज तर इथे सगळ्यात वाईट, कारण लाखभर माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात.

म्हणून घाटात कुणाला शोधायचं नाही, घाटात कुणासाठी थांबायचंही नाही. भेटायच्या जागा दोनच: घाटाच्या खाली वडकी नाला आणि घाटाच्या वर झेंडेवाडीचा विसावा. चढायला सुरुवात करण्यापूर्वी शेवटच्या क्षणी कुणी दिसेना झालं तर खाली वडकीला थांबायचं. एकदा चढायला लागल्यावर दिसेना झालं तर शांतपणे वर जायचं आणि झेंडेवाडीला थांबायचं. आई चढताना थकून कडेला बसल्या तरी त्यांना माहीत असलं पाहिजे की आपल्याला वरच जायचं आहे, मुलगा खाली शोधायला येणार नाही. हे घरी बसून बोलून घ्या. वाटेवर ठरवायला गेलात तर ऐकू येत नाही.

एक प्रसंग धरून दाखवतो, तुमच्याच तिघांचा. वडकी नाल्याजवळ दुपारी तुम्ही रथामागे ५८ च्या गाडीपाशी बसला आहात. पुतण्या बाटली भरायला टँकरकडे गेला, कर्णा झाला, गर्दी उठली आणि तो परत आला नाही. पहिली पाच मिनिटं तुम्ही दोघंही हलू नका, कारण तो बहुतेक गाडीच्या चाकाकडेच येत असतो. आला नाही तर आईंना गाडीपाशीच बसवा, गाडीवाल्याला सांगा की या इथेच आहेत, आणि तुम्ही एकटे टँकरपर्यंत जाऊन या. दोघांनी दोन दिशांना शोधायला जायचं नाही, नाहीतर एकाचे तीन हरवतात. टँकरपाशी तो नसेल तर जवळच्या पोलीस मदत केंद्रावर जा आणि हे सांगा: नाव, वय, अंगावर काय आहे, आणि "रथामागे ५८, गाडी अमुक शेतात". ध्वनिक्षेपकावर नुसतं नाव पुकारलं तर गोंगाटात पोराला कळत नाही, दिंडीचा क्रमांक पुकारला की त्याच्या आसपासचे वारकरी ऐकतात आणि त्याला घेऊन येतात. या सोहळ्यात हरवलेल्या मुलाला कुणीतरी हाताला धरतंच. प्रश्न एवढाच असतो की त्याला कुठे नेऊन सोडायचं ते त्या माणसाला कळलं पाहिजे.

इतक्यात गाडीवाला म्हणेल की आता निघायला हवं, आम्हाला रथाच्या आधी सासवडला पोचून राहुट्या ठोकायच्या आहेत. त्याला अडवू नका. तुम्ही दोघं वडकीला त्या मदत केंद्रापाशीच थांबा आणि गाडीवाल्याला सांगून ठेवा की मुलगा तुमच्याकडे आला तर त्याला गाडीतूनच सासवडच्या तळावर न्या. आता तीन जागा झाल्या: मदत केंद्र, झेंडेवाडी आणि सासवडचा तळ. मुलगा दिंडीबरोबर वर चढला असेल तर झेंडेवाडीला सापडेल, मागे राहिला असेल तर मदत केंद्रावर येईल. अर्धा तास वाट पाहून तो आला नाही, तर पोलिसांकडे तुमचा नंबर आणि "आम्ही झेंडेवाडीला जातोय" हा निरोप ठेवून वर निघा. १३ वर्षांच्या मुलाला ठरलेलं आठवतं. तो झेंडेवाडीला बसलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिथेही नसेल तर तिथल्या पोलिसांकरवी खाली चौकशी करा. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक, हे दोन्ही लक्षात ठेवा, पण आधी जागेवरच्या हवालदाराकडे जा, त्याच्याकडे वायरलेस असतो.

खिशातली चिठ्ठी हा या सगळ्याचा पाया. प्रत्येकाच्या खिशात, पिशवीत नव्हे, प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात घातलेली चिठ्ठी असू द्या. त्यावर नाव, दिंडी "रथामागे ५८" असं पूर्ण, आज मुक्काम सासवड, आणि दोन फोन नंबर. दुसरा नंबर घरी बसलेल्या माणसाचा. हा घरचा माणूस फार कामाचा असतो. गर्दीतल्या दोन फोनांचा एकमेकांशी संपर्क होत नाही, पण दोघांनाही पुण्यातल्या घरी फोन किंवा एसएमएस जाऊ शकतो. मग घरचा माणूस जुळवून देतो: "आई झेंडेवाडीला आहे, तू वर ये." कॉल लागत नसेल तेव्हा दर दहा मिनिटांनी लावत बसून बॅटरी संपवू नका, एसएमएस पाठवून ठेवा, रेंज आली की तो आपोआप जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवायचं असेल तर घाटात त्याचा भरवसा धरू नका, तासभर जुनी जागा दाखवत राहतं आणि माणूस त्यामागे धावतो. पुणे पोलीस अलीकडे पालखी कुठे आहे ते दाखवणारी सोय ऑनलाइन देतात. ती रथाची जागा सांगते, आणि रथ कुठे आहे हे कळणं अर्धं काम आहे, तेवढ्यासाठी ती वापरा.

कपड्यांबद्दल एकच. वारीत पांढरे कपडे घालावेत ही भावना मला समजते, पण हरवलेल्या माणसाला पांढऱ्यात शोधणं फार कठीण. पुतण्याला लांबून दिसेल असा एक रंग द्या, जसं की डोक्याला गडद हिरवा रुमाल. भगवा नको, तो सगळीकडे आहे. सकाळी निघताना तिघांचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. पोलिसांना वर्णन सांगण्यापेक्षा तो दाखवणं सोपं जातं.

आईंविषयी वेगळं सांगतो. ६२ हे काही फार वय नाही, त्यांच्या वयाच्या बाया पंढरपूरपर्यंत चालतात, पण त्या रोज चालणाऱ्या असतात. आईंनी वर्षभर ८-१० किलोमीटर सलग चालून पाहिलं नसेल तर भवानी पेठेपासून निघण्याऐवजी गाडीतळापासून सोहळ्यात या. तिथून सासवड सुमारे २२-२३ किलोमीटर उरतं, आणि पहिल्या टप्प्यातली शहरातली कोंडी, जिथे तासाला दोन-अडीच किलोमीटरही होत नाहीत, ती टळते. उभं राहून राहून पाय जास्त दुखतात, चालून कमी. बाहेर पडायच्या जागाही आधीच माहीत असाव्यात. गाडीतळावरून पुण्यात परतता येतं. मंतरवाडी चौकातून हांडेवाडी-उंड्रीमार्गे कात्रजकडे जाणारा रस्ता आहे, तिथपर्यंत कुणी गाडी घेऊन येऊ शकतं, पण वळवलेली वाहतूक तिकडूनच जात असल्याने वेळ लागतो. मंतरवाडीच्या पुढे वडकीला गेलात की परतीची गाडी मिळत नाही, रस्ता बंद असतो. म्हणजे आईंना जमेल की नाही हा निर्णय मंतरवाडीला घ्यायचा, वडकीला नव्हे. पावलं ओढत चालणं, बोलणं बंद होणं, पाणी नको म्हणणं, यातलं एकही दिसलं तर त्यांना मंतरवाडीवरून परत पाठवा. "आता एवढं आलो तर घाट चढूनच घेते" असं त्या म्हणतील. घाटात चक्कर आली तर १०८ ची रुग्णवाहिका त्या गर्दीतून त्यांच्यापर्यंत यायलाच किती वेळ लागेल, हे त्यांना समजावून सांगा.

घाट शक्यतो रथाच्या पुष्कळ आधी चढून जा. रथ साधारण दुपार कलल्यावर घाटात शिरतो आणि त्याच्या आगेमागे सगळ्यात जास्त रेटा असतो. घाट आधी चढून झेंडेवाडीला कडेला बसलात तर तिथे रथाचं दर्शन निवांत होतं. तुमच्या दिंडीचा क्रम मागचा असेल तर विणेकऱ्यांना सांगून पुढे निघा, "आम्ही वर भेटतो" म्हणून. न सांगता पुढे जाऊ नका, ते तुम्हाला शोधत बसतात.

झेंडेवाडीपासून सासवड सात-आठ किलोमीटर. इथे लोक सैल होतात, अंधार पडायला लागतो, आणि वद्य एकादशी असल्याने चांदणंही नसतं. एक छोटी बॅटरी बरोबर ठेवा. सासवडला पोचल्यावर तिघांची शेवटची भेटीची जागा एस.टी. स्टँड ठेवा. सोपानकाकांच्या समाधी मंदिराचं नाव सगळ्यांच्या तोंडी येतं, पण तिथे दर्शनाची रांग इतकी असते की शंभर फुटांवरचा माणूस दिसत नाही.

रात्री तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार जमतात, चोपदारांनी दंड उंचावला की एवढ्या माणसांत शांतता पसरते. त्या वेळी हरवल्या-सापडल्याच्या सूचनाही दिल्या जातात. तोपर्यंत तुमच्यातलं कुणी सापडलं नसेल तर आरतीच्या आधी आपल्या दिंडीप्रमुखांमार्फत चोपदारांपर्यंत निरोप पोचवा, चिठ्ठीवर लिहून. सगळ्या दिंड्यांचे प्रतिनिधी एकाच वेळी ऐकत असतात, त्यामुळे दिवसभर कुठल्या तरी दिंडीने सांभाळलेली माणसं याच वेळी आपल्या माणसांना भेटतात.

परतीची सोय निघायच्या आधीच करून ठेवा. दिवे घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो, सासवडहून पुण्याला येणारी वाहतूक बोपदेव घाटातून कोंढव्याकडे वळवतात. घरचं कुणी गाडी घेऊन येणार असेल तर त्याने बोपदेव मार्गानेच यायचं आणि सासवडच्या बाहेर थांबायचं, गावात गाडी शिरत नाही. बसने येणार असाल तर ती कुठून सुटणार हे स्टँडवर पोचल्या पोचल्या विचारून घ्या, कारण गर्दीच्या दिवशी जागा बदलते. पालखी सासवडला बहुतेक वर्षी दोन रात्री असते, त्यामुळे रात्री बस चुकली तर घाबरू नका. दिंडीच्या राहुटीत एक रात्र पाठ टेकायला जागा मिळते. मात्र आईंचं अंथरूण-पांघरूण आणि रात्रीची गोळी सकाळीच दिंडीच्या गाडीत टाकून ठेवलेली असू द्या.